सुधारणेचा कागद

पात्रांवने (गोव्यात मालकाला प्रेमाने आणि भीतीने असं म्हणतात) शनिवारी फर्मान काढलं: “म्हापशाच्या दुकानाच्या सुपरवायझरला सुधारणेचा कागद दे. दोन महिने. नाही सुधारला तर घरी.” तीन दुकानांचा मॅनेजर म्हणून तो कागद लिहिणं माझ्याकडे आलं. सुपरवायझर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही.

पहिला मसुदा अर्ध्या तासात तयार झाला. ‘ग्राहकांशी सौजन्याने वागावे. जबाबदारीची जाणीव ठेवावी. दुकान वेळेवर उघडावे. गल्ल्यात तूट येऊ नये.’ वाचताना मलाच शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा आठवला. साठ दिवसांनी भाईंची जाणीव किती वाढली, हे मोजणार कशाने? सौजन्य मोजायला मी हसण्याची नोंद ठेवायचं ठरवलं, पण भाईंच्या मिश्या अशा आहेत की खाली काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘तक्रारवहीतली प्रत्येक तक्रार 24 तासांत निकालात काढून खाली सही करावी.’ मिश्यांचा प्रश्न मिटला.

मग तूट. पात्रांवचा मुख्य राग तिच्यावर. गेल्या तीस दिवसांत अकरा दिवस गल्ला कमी भरला होता. कागदावर ‘11’ लिहून मोकळा होणार होतो, पण ही तूट भाईंच्या हातातली आहे का, ते बघायला हवं होतं. म्हणून रात्रीच्या क्लोजिंगचे कागद आणि बँकेत आलेल्या यूपीआयच्या रकमा शेजारी शेजारी मांडल्या. एका शुक्रवारी रोख 1,240 रुपये कमी आणि त्याच दिवशी यूपीआय बरोबर 1,240 रुपये जास्त! गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन करून पैसे दिले होते आणि काउंटरवर बिल ‘कॅश’ म्हणून फाडलं होतं. पैसे कुठेच गेले नव्हते, चुकीच्या डब्यात बसले होते. अकरापैकी आठ दिवस हीच गंमत.

त्या आठांपैकी चार शुक्रवार होते. म्हापशात शुक्रवार म्हणजे बाजार, गर्दी अशी की माणूस आत शिरला की बाहेर पडायला नवस बोलतो. बाकी चार दिवशी एक कॅशियर रजेवर. दोन्ही वेळा काउंटरवर माणूस कमी, त्यामुळे भाई स्वतःच बिलं फाडायला उभे. आणि रोस्टर कोण लावतं? मी. हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला, पण तो मलाच बोट दाखवत राहिला.

तरी भाईंचाही दोष होता. फरक रात्रीच दिसतो, तो कारणासकट लिहायचा असतो. अकरापैकी नऊ रात्री त्यांनी ‘कमी’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून ओळ अशी झाली: ‘फरक 50 रुपयांवर असेल तर रोख आणि यूपीआय दोन्ही जुळवून त्याच रात्री कारण लिहावे. कारणाशिवाय रात्री महिन्यात 2 पेक्षा जास्त नकोत.’ तूट शून्य करा, असं लिहिलं असतं तर उरलेल्या तीन दिवसांसाठी ते कदाचित खिशातून पैसे घालत राहिले असते आणि कागद सुधारल्यासारखा दिसला असता.

वेळेच्या ओळीत ‘9:30 वाजता, एकही दिवस उशीर नको’ असं दणक्यात लिहिलं होतं. सहज म्हणून तोच नियम पणजीच्या दुकानाला लावून पाहिला. तिथल्या सुपरवायझर ताई म्हणजे पात्रांवच्या गळ्यातला ताईत. त्या महिन्यात सहा दिवस उशिरा! घाईघाईने नियम बदलला: 9:40 पर्यंत उघडावे, महिन्यात दोनच सवलती, तिन्ही दुकानांना सारखा.

सोमवारी भाईंसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. “हा सुधरायला आहे की काढायला?”

“सुधरायला, भाई. सही म्हणजे मिळाला एवढंच. पटलं नाही तर खाली लिहा.”

“मग ‘कंपनीकडून मदत’ हा रकाना कोरा का?”

मी पेन पुढे केलं. त्यांनी शांतपणे लिहिलं: शुक्रवारी तिसरा कॅशियर, माझी डिचोलीची बस चुकली तर म्हणून शटरची दुसरी चावी मदतनिसाकडे, मॅनेजरने दर सोमवारी 11 वाजता दुकानात येऊन आकडे दाखवावे. खाली त्यांनी सही केली आणि माझीही मागितली.

पुढच्या सोमवारी पाऊस धो धो. मी 11:25 ला पोचलो. पहिल्या आठवड्यात कारणाशिवाय रात्र एकही नव्हती. शुक्रवारी 40 रुपये कमी होते, लिहायची गरज नसताना खाली लिहिलं होतं, ‘सुटे दोनदा दिले.’ शेजारच्या मदतीच्या रकान्यात मात्र लाल पेनाने एक नोंद होती: ‘मॅनेजर उशीर, 25 मिनिटे. कारण लिहिलेले नाही.’