37 तासांची म्हातारी

वापरलेली हार्ड डिस्क विकणाऱ्याची तीन वाक्यं ठरलेली असतात. "फारशी वापरलेलीच नाही." "कपाटात पडून होती." आणि तिसरं, माझं सर्वांत लाडकं, "फक्त बॅकअपला ठेवली होती." एरवी नियमित बॅकअप घेणारा माणूस दिवा लावून शोधावा लागतो. डिस्क विकायला काढली की मात्र सगळेच बॅकअपवाले निघतात.

पुराव्यादाखल एक स्क्रीनशॉट येतो. त्यावर निळ्या चौकोनात 'Good' किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं 'PASSED'. या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्याखाली एखादं मूल्य गेलं तरच हा निकाल बदलतो, आणि हे उंबरठे इतके उदार असतात की डझनावारी खराब सेक्टर असलेली डिस्कसुद्धा छाती काढून पास होते. शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट असेल तर खालच्या तक्त्यातले कच्चे आकडे मुळात दहाऐवजी सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये, छापलेले असतात. सेटिंग बदललं नाही तर तिथले 10 म्हणजे आपले 16, आणि 79E4 म्हणजे 31204. "दहाच सेक्टर गेलेत हो" असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय की त्याला खरंच ठाऊक नाही, हे ठरवण्यात मी आता वेळ घालवत नाही.

म्हणून चित्र नको, मजकूर मागावा. डिस्क साध्या साटा केबलने जोडून, स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद वाचणाऱ्या `smartctl` या प्रोग्रामची ही एक ओळ चालवायची आणि जे येईल ते सगळं, सीरियल नंबरसकट, पाठवायचं:

```
smartctl -x /dev/sdb
```

यूएसबीच्या डब्यातून जोडली असेल तर मध्ये `-d sat` घालावं लागतं. काही डबे तरीही तोंडाला कुलूप लावून बसतात आणि निम्म्या नोंदी बाहेर येऊच देत नाहीत. या मजकुरात सीरियल नंबर आणि तपासणीची वेळ दोन्ही छापलेली असतात, त्यामुळे शेजारच्या तरुण डिस्कचे कागद म्हातारीच्या नावावर खपवता येत नाहीत. हा मजकूर मागितला की निम्मे विक्रेते अचानक गावाला जातात. तपासणीचा हा पहिला आणि अगदी फुकटचा टप्पा.

आता उदाहरणाला एक 8 टीबीची डिस्क घेऊ. नऊ क्रमांकाच्या ओळीत `Power_On_Hours` 37. बाराव्या ओळीत `Power_Cycle_Count` 4. बाद झालेले सेक्टर शून्य, लटकलेले सेक्टर शून्य. एकूण रूप असं, की डिस्क आत्ताच डोळे उघडून जग बघते आहे.

वय विचारायचं असेल तर जन्मदाखल्यावर न थांबता जुन्या वह्या काढाव्यात. स्मार्टमध्ये तारीखवार इतिहास नसतो, एकूण बेरजा असतात. पण दोन वह्या अशा आहेत ज्यात प्रत्येक नोंदीपुढे 'तेव्हा डिस्क किती तासांची होती' हे लिहिलेलं राहतं. एक चाचण्यांची, दुसरी चुकांची. त्याच मजकुरात खाली चाचण्यांची वही अशी निघाली:

```
# 1  Short offline     Completed without error  00%     36  -
# 2  Extended offline  Completed without error  00%  31204  -
```

ताजी नोंद वर, जुनी खाली. म्हणजे या बाईंनी 31,204 व्या तासाला मोठी तपासणी करून घेतली आणि त्यानंतर केव्हातरी 36 व्या तासाला छोटी. वर्षाचे तास 8,760. भागाकार केला तर साडेतीन वर्षं अखंड नोकरी झाली, मग पुनर्जन्म. पहिल्या पानाचं मीटर कुणीतरी शून्यावर आणलं आणि मागची पानं फाडायची राहिली.

इथे उतावीळपणा करू नये. या वहीत तासांसाठी जागा सोळा बिटांची आहे, त्यामुळे 65,536 वर पोचलं की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एखादी खरोखरची आजीबाई नवव्या ओळीत प्रामाणिकपणे 70,000 दाखवेल आणि कालच्या चाचणीपुढे 4,464 लिहिलेलं असेल. सत्तर हजारातून 65,536 वजा करा, हिशोब चोख बसतो. ती लबाडी नाही. आपल्या 37 वालीला मात्र ही सवलत मिळत नाही, कारण तिची नववी ओळच 37 म्हणते आहे.

समजा वहीही कोरी केली असती, तर मी लिखाणाचा हिशोब मागितला असता. ओळ 241, `Total_LBAs_Written`. तिथे होते 312684512208, म्हणजे सुमारे 31,268 कोटी सेक्टर. एक सेक्टर 512 बाइटचा धरला की होतात 160 टीबी. आता अशी फिरती डिस्क फारच मनापासून, एका दमात लिहीत सुटली तरी सेकंदाला 200 एमबीच्या आसपास लिहील. 37 तासांचे सेकंद 1,33,200. गुणाकार येतो जेमतेम 27 टीबी. उरलेले 133 टीबी या बाळाने गर्भात असताना लिहिले असावेत. हा गुणाकार मला फार आवडतो, कारण त्यावर विक्रेत्याकडे वाक्य नसतं. आजवर ऐकलेलं सर्वांत बरं उत्तर म्हणजे "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय". तेच सॉफ्टवेअर 37 दाखवत होतं तेव्हा मात्र ते वेदवाक्य होतं.

अर्थात पुसणारा कसलेला असेल तर पहिलं पान, वह्या, लिखाणाचा हिशोब सगळंच धुऊन निघतं. मग उरतो एकच चोरकप्पा, आणि तोही फक्त सीगेटच्या डिस्कमध्ये. त्या कंपनीच्या नव्या डिस्क स्मार्टपासून अलग अशी एक नोंदवही ठेवतात, तिचं नाव फार्म. `smartctl` ची आवृत्ती 7.4 किंवा त्यापुढची असेल तर ती उघडता येते:

```
smartctl -l farm /dev/sdb
```

तिथेही `Power on Hours` आहे आणि त्याच्याबरोबर डोकं किती तास तबकडीवर तरंगलं त्याचा आकडाही. 2025 च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या एक्सॉस डिस्कचं प्रकरण बाहेर काढलं, ते याच वहीमुळे. स्मार्टमध्ये शून्याच्या आसपास आणि फार्ममध्ये हजारो तास. दोन्ही आकडे तासा-दोन तासांच्या फरकाने जुळले तर ठीक. त्याहून जास्त अंतर असेल तर डिस्क बाजूला ठेवावी आणि आवाज न चढवता पैसेही खिशातच ठेवावेत.

एक अपवाद न सांगणं अन्यायाचं होईल. कंपनीने स्वतः परत घेऊन, तपासून विकलेल्या डिस्कचं मीटरही शून्य केलेलं असू शकतं. फरक इतकाच, की तिच्या लेबलवर तसं छापलेलं असतं आणि भाव नव्याचा नसतो. लेबल नव्याचं, मीटर नव्याचं, पण स्क्रूच्या भोकांत आटे घासून चकचकीत झालेले आणि जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, असं दिसलं तर स्मार्ट वाचायचीही गरज नाही. 37 तासांत कुणी डिस्क इतक्यांदा घालत-काढत नाही.

मग जुनी डिस्क घ्यायचीच नाही का? घ्यावी की. उलट मला 29,410 तास उघडपणे सांगणारी डिस्क या 37 वालीपेक्षा कितीतरी जवळची वाटते. तास हा आकडा लोक गाडीच्या किलोमीटरसारखा वाचतात, पण डिस्कचे हाल समान वेगाने फिरत राहण्यात होतात त्याहून अधिक चालू-बंद होण्यात होतात. म्हणून तासांना मी नेहमी बाराव्या ओळीने भागतो. 29,410 तास आणि 22 वेळा चालू-बंद, म्हणजे एका खेपेला सरासरी 1,337 तास. ही कुठल्या तरी सर्व्हरच्या थंड खोलीत शांतपणे आयुष्य काढलेली बाई. उलट 6,000 तास आणि 5,000 वेळा चालू-बंद म्हणजे दर सव्वा तासाने कुणीतरी तिला उठवून पुन्हा झोपवलं आहे. वयाने लहान, पण जिवाला स्वास्थ्य नाही.

अशा प्रामाणिक डिस्कबाबत मग मी चार ओळींवर नजर ठेवतो. 5, बाद करून जागा बदललेले सेक्टर, 187, वाचता न आल्याची कबुली, 197, लटकलेले, 198, तपासणीत न सुधारलेले. चारही शून्य असावेत. 199 वर आकडा असेल तर घाबरू नये, तो बहुतेकदा केबलचा दोष असतो आणि केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो. सीगेटच्या `Raw_Read_Error_Rate` मधला कोट्यवधींचा आकडा बघून दातखीळ बसवून घेऊ नये. त्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची मोजणीही कोंबलेली असते.

फक्त 197 चं शून्य मी लगेच मान्य करत नाही. लटकलेला सेक्टर म्हणजे एकदा वाचता आला नाही, पुढे बघू असं म्हणून ठेवलेला. विकण्याआधी संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून काढली की त्या सेक्टरवर नवं लिखाण होतं आणि यादी रिकामी होते. सेक्टर धड निघाला तर पाचवी ओळही हलत नाही. पण चुकांची वही जागेवर असेल तर ती चुगली करते: `Error 14 occurred at disk power-on lifetime: 29377 hours`. वय 29,410, शेवटची चूक 29,377 ला. म्हणजे 33 तासांपूर्वी बाईंना भोवळ आली होती आणि त्यानंतर झटपट आंघोळ घालून विकायला आणलं. हीच चूक 3,000 व्या तासाची असती तर मी सोडून दिली असती.

यातही वही स्वच्छ निघाली, तर शेवटचं काम:

```
smartctl -t long /dev/sdb
```

ही चाचणी 8 टीबी पृष्ठभाग टोकापासून टोकापर्यंत वाचते आणि साधारण 15 तास घेते. विक्रेता समोर बसला असेल तर "पाच मिनिटांत होईल ना?" असं तो विचारतोच. होत नाही. त्यामुळे परतीची मुदत लेखी घेऊन डिस्क घरी आणावी, चाचणी लावून झोपावं आणि मध्येच यूएसबीचा डबा आपोआप झोपी जाणार नाही एवढं बघावं, नाहीतर सकाळी `Aborted by host` वाचायला मिळतं. चाचणी संपल्यावर 5 आणि 197 पुन्हा बघायचे. काल शून्य होते ते आज 8 झाले असतील तर डिस्क त्याच दिवशी परत.

झाली पास, तर वहीत सर्वांत वर एक नवी ओळ दिसते: `Completed without error`, 29,425 तास. पुढेमागे ही डिस्क मी विकायला काढेन तेव्हा समोरचा ती वाचेलच. त्याला काय सांगायचं हे माझं ठरलेलं आहे. फक्त बॅकअपला ठेवली होती.