गाडी गेटवर आणि ओटीपी माझ्या फोनवर

प्रतिक्रिया: «ताई, ‘रजेवर फोन बंद ठेवा’ हे लिहायला सोपं आहे. मी मकरपुरा जीआयडीसीत एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच आणि बिलिंग बघतो. ऑफिसात आम्ही तिघंच. मी फोन उचलला नाही तर गाडी गेटवर उभी राहते आणि शेठ मलाच विचारतात. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचं कौतुक आम्हाला काय कामाचं?» – एक वाचक, बडोदा

दादा, तुमचं बरोबर आहे. मागच्या लेखात रजेवर फोन बंद ठेवायला सांगताना आणि ऑस्ट्रेलियातल्या, कामाच्या वेळेबाहेर फोन न घेण्याच्या कायद्याचं कौतुक करताना मी शेवटची पायरी सांगितली आणि त्याआधीच्या पायऱ्या गाळल्या. मीही मकरपुऱ्यातच बिलिंग सांभाळते, म्हणून ही चूक मला जास्त लागली. गाळलेलं आता लिहिते.

१ फेब्रुवारी २०२५ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी सक्तीचा झाला. त्याआधी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असायचा, कोणीही बिल काढायचं. आता ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येऊ लागला, आणि आमच्याकडे तो नंबर माझा होता. त्याच महिन्यात घरी, दांडिया बाजारात, आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी चार दिवसांची रजा टाकली होती.

एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. वहिनीने आणि मी मिळून वाती लावल्या, ताट जड झालं होतं म्हणून दोघींनी दोन बाजूंनी धरलं होतं. फोन वाजला. स्टोअरमधला मुलगा म्हणाला, «बेन, ओटीपी आव्यो?» पुण्याला जाणारी गाडी भरून गेटवर उभी होती, ड्रायव्हर निघायची घाई करत होता. मी ताट वहिनीकडे दिलं आणि गॅलरीत गेले. खाली स्कूटरचे हॉर्न, सहा आकडे दोनदा ओरडून सांगावे लागले. पहिल्यांदा त्याने चुकीचे टाकले, म्हणून दुसरा ओटीपी मागवला. आत आले तेव्हा औक्षण झालेलं होतं. आई काही बोलली नाही. फोटोत ताटाच्या दुसऱ्या बाजूला मी नाही, मावशी आहे.

त्या रात्री मी एक काम सुरू केलं, तेच आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. चार दिवसांत ऑफिसातून आलेला प्रत्येक फोन आणि निरोप वहीत लिहिला: वेळ, कोणी केला, काय हवं होतं. एकूण सतरा झाले. त्यातले नऊ ओटीपी किंवा पासवर्डसाठी होते. चार ‘अमुक फाइल कुठे आहे’ यासाठी. तीन असे की सोमवारपर्यंत थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. एकच खरा माझ्या निर्णयाचा होता, एका पार्टीने माल परत पाठवायचा म्हटला होता. म्हणजे माझ्या डोक्याची गरज एकदाच पडली, बाकी गरज माझ्या सिमकार्डाची आणि माझ्या कपाटाची होती. फोन बंद करून हे सुटत नाही, हे तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. पण फोन चालू ठेवूनही ते सुटत नाही.

ओटीपीचा उपाय पोर्टलवरच आहे. मुख्य लॉगिनमध्ये `User Management` खाली `Create Sub-User` आहे. तिथे दुसऱ्या माणसाचं नाव आणि त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर टाकायचा, त्याला काय करता यावं ते ठरवून द्यायचं. मग तो त्याच्या नावाने लॉगिन करतो आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. तो नोकरी सोडून गेला तर त्याचं खातं तिथूनच गोठवता येतं. आमच्याकडे स्टोअरमधल्या त्याच मुलाला सब-युजर केलं.

मात्र हे रजेच्या आदल्या दिवशी करू नका. पहिल्याच आठवड्यात त्याने पिनकोड चुकवला, तिथून अंतर चुकलं, आणि अंतरावर बिलाची मुदत ठरते: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडीचा नंबर चुकला तर नंतर बदलता येतो, पण मालाचा आणि पत्त्याचा तपशील दुरुस्त होत नाही. ते बिल २४ तासांच्या आत रद्द करून नवीन काढावं लागतं. मी शेजारी बसलेली होते म्हणून निभावलं. तीन आठवडे त्यानेच बिलं काढली, मी फक्त बघत होते. त्यानंतर मी रजा टाकली.

बँकेच्या ओटीपीबाबत मात्र हा मार्ग धरू नका, आणि तो फोनवर तर कोणालाच सांगू नका. पेमेंट एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय बँका धंद्याच्या खात्याला देतात. ती शेठना घ्यायला सांगा.

आता शेठ. मी त्यांच्याकडे ‘मला विश्रांती हवी’ म्हणून गेले नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे, तो सांगितला. नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग निदान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, तेही आधी न कळवता, आणि त्या दिवसांत सर्वसाधारण ईमेल सोडून कामाचं काहीही त्याच्या हाती ठेवायचं नाही. हेतू त्याच्या आरामाचा नाही. एकाच माणसाच्या हातात अडकलेलं काम दुसऱ्याने केलं की चूक किंवा लबाडी उघडी पडते, म्हणून तो नियम. मग शेठना वही दाखवली आणि विचारलं, उद्या मी दवाखान्यात असले तर या गाड्या कोण सोडणार? पैशांचं माणसाला लगेच कळतं. सब-युजरला त्यांनी त्याच दिवशी होकार दिला.

कायद्याबद्दल. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरचा फोन न घेण्याचा हक्क आहे, पण नकार अवास्तव असेल तर तो टिकत नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. मला असा कायदा मनापासून हवा आहे. पण तुमच्या गेटवरची गाडी त्याने हलणार नाही, हेही मान्य करते. ओटीपी तुमच्या फोनवर येत असेपर्यंत तुमचा नकार तिथे अवास्तवच ठरेल.

व्हॉट्सॲपचा ग्रुप राहतो. रजेत मी तो म्यूट करते, आणि संध्याकाळी सहाला फक्त एकाच माणसाचा फोन घेते, त्याच मुलाचा. बाकीच्यांनी जे विचारायचं ते त्याला विचारायचं. तरीही पहिल्या रजेत त्याने दुपारी दोनदा फोन केला. फाइलींचा एक कागद मी कपाटाच्या दाराला आतून लावला, कुठल्या खणात काय ते लिहून, तेव्हापासून ते दोन फोनही थांबले. माल परत येण्याचा प्रश्न मात्र अजून माझ्याकडेच येतो, आणि तो मी घेते.

तुम्ही तिघं आहात म्हणता. मग आधी दोन-चार दिवसांचे फोन लिहून काढा आणि त्यात ओटीपीचे किती निघतात ते इथे कळवा. तुमच्या मुख्य लॉगिनवर नंबर कोणाचा आहे तेही लिहा. शेठचा असेल तर गोष्ट वेगळी, सब-युजर करतानाचा ओटीपी त्यांच्याकडे जाईल. तेव्हा ते ऑफिसात असतील तो दिवस गाठा.