दिवाळीची जाहिरात कधी सुरू, कधी बंद: नेरुळच्या ताईंना उत्तर

> "दादा, लेख पटला नाही. ऑनलाइनवाल्यांचे सेल सप्टेंबरातच लागतात आणि तुम्ही म्हणता दसऱ्याआधी जाहिरातीवर पैसा घालू नका. तोपर्यंत गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा झालेला असतो. वर धनत्रयोदशीच्या आधीच जाहिरात बंद करायला सांगता. म्हणजे लक्ष्मी दाराशी आली की दार लावून घ्यायचं? नेरुळला माझं कुर्ती आणि ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे. मला तरी हा पुस्तकी सल्ला वाटला."

ताई, नमस्कार. तुमच्या दुकानात ड्रेस मटेरियलही आहे हे बरं सांगितलंत, कारण तिथे हिशोब बदलतो. माझा लेख ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका रेडीमेड कुर्तीच्या दुकानापुरता होता. तुमच्याकडे मात्र एकाच छपराखाली दोन वेगवेगळ्या तारखांचा माल आहे.

आधी तारखा बघू. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन 21 ला. सप्टेंबरचा पगार दसऱ्याच्या तोंडावर हातात आला आणि पुढचा पगार दिवाळी उलटून गेल्यावर. त्या वर्षी ज्यांनी नवरात्रातच जाहिरातीला पैसे लावले त्यांचं बरोबरच होतं, आणि तुमचा अनुभव बहुधा त्याच वर्षाचा असावा. 2026 चं पंचांग वेगळं आहे. दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. त्याआधीचा शनिवार-रविवार म्हणजे 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांचा पगार तेव्हा नुकताच खात्यात पडलेला असणार. यंदाची खरी खरेदी त्या दोन दिवसांत आणि पुढच्या तीन-चार संध्याकाळी होणार. सप्टेंबरात हजारो रुपये घालून तुम्ही अशा गिऱ्हाइकाला हाक मारणार, जिने नुकताच गणपतीचा खर्च केलाय (यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे) आणि जी दिवाळीचा विचार पगारावर ढकलून मोकळी झाली आहे.

लवकर सुरुवात करायला माझी ना नाही. ना आहे ती लवकर पैसे लावायला, आणि त्याहून जास्त लवकर सूट जाहीर करायला. ऑनलाइनवाल्यांचं बघून सप्टेंबरात '20 टक्के सूट' लिहिलंत की काय होतं ते बघा. कुर्ती 1,000 रुपयांची, तुम्हाला 600 ला पडलेली. सूट दिल्यावर 400 च्या जागी 200 उरतात. म्हणजे तेवढाच नफा हवा तर दुप्पट कुर्त्या विकायला हव्यात. नवरात्रात रंगाप्रमाणे कुर्ती घ्यायला ज्या बायका पूर्ण किमतीला येणारच होत्या, त्यांनाही ती सूट द्यावी लागते. आणि दिवाळीत 20 च्या पुढे जाणार कुठे?

लवकर सुरुवातीचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो पितृपक्षात होतो. यंदा पितृपक्ष 10 ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावास्येला संपतो. आपल्याकडची बरीच गिऱ्हाइकं त्या पंधरवड्यात नवा कपडा घेत नाहीत, पण बघतात जरूर. सुरतेचा दिवाळीचा माल तोपर्यंत तुमच्याकडे आलेला असला पाहिजे. रोज दोन-तीन डिझाइन्स व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाका. किंमत लिहू नका, सूट तर नाहीच. कुठल्या डिझाइनवर 'किती?' आणि 'एक्सएल आहे का?' येतं ते वहीत मांडत जा. त्या वहीवरून रिपीट ऑर्डर द्यायची. रिपीट माल यायला दहा-बारा दिवस धरा. 10 ऑक्टोबरच्या आसपास ऑर्डर गेली तर 22 पर्यंत माल दुकानात, म्हणजे मोठ्या शनिवार-रविवारच्या आठवडाभर आधी. दसऱ्यानंतर ऑर्डर दिलीत तर ट्रान्सपोर्टवर गर्दी, कारखान्यातले कामगार गावाला निघायच्या बेतात, आणि माल आला तरी भाऊबिजेला. एखादं डिझाइन कोणीच विचारलं नाही, तर ते दिवाळीच्या जाहिरातीत घ्यायचंच नाही हेही याच वहीतून कळतं.

हे काम फुकट होतं, फक्त एक अडचण असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 पर्यंत नंबर बसतात, पण ज्या गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही तिला तो मेसेज पोचतच नाही. स्टेटसचंही तसंच, दोन्हीकडून नंबर सेव्ह हवा. म्हणून गणपतीच्या आधीच बिल करताना 'ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की दाखवते' म्हणायचं आणि त्यांच्याच फोनवरून एक 'हाय' पाठवून घ्यायचं. लेखात हे मी एका ओळीत उरकलं होतं, पण छोट्या दुकानाला इन्स्टाग्रामपेक्षा याचाच आधार जास्त.

आता ड्रेस मटेरियल. त्याची शेवटची तारीख टेलर ठरवतो, दिवाळी नाही. बहुतेक टेलर दसऱ्याच्या आगेमागे दिवाळीची शिलाई घेणं बंद करतात. तुमच्या आसपासच्या दोन-तीन टेलरना आत्ताच विचारून ठेवा, आणि ते सांगतील त्याच्या दोन दिवस आधी ड्रेस मटेरियलची जाहिरात थांबवा. त्यानंतर कापड विकलं गेलं तरी शिवून मिळत नाही, आणि रागवायला गिऱ्हाईक टेलरकडे नाही, तुमच्याकडे येतं. म्हणजे या मालाला नवरात्राचे पहिले पाच-सहा दिवस, 11 ते 16 ऑक्टोबर, थोडे पैसे लावायला हरकत नाही. रेडीमेड कुर्तीला नाही.

समजा जाहिरातीसाठी 12,000 रुपये बाजूला काढलेत. नवरात्रात ड्रेस मटेरियलवर रोज 300, सहा दिवस, म्हणजे 1,800. मग दसऱ्यापर्यंत काही नाही. 21 ते 28 ऑक्टोबर कुर्तीवर रोज 400, म्हणजे 3,200. 29 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर रोज 1,000, म्हणजे 7,000. इथे पैसे संपले. मधला 400 चा आठवडा विक्रीसाठी कमी आणि जाहिरात रुळायला जास्त. इन्स्टाग्रामची नवी जाहिरात पहिले काही दिवस चाचपडते आणि तेव्हा दर मेसेजमागे खर्च जास्त येतो. शिवाय जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते, त्यामुळे दिवाळी जवळ येईल तसा भाव चढतो. 3 नोव्हेंबरला घाईघाईने नवी जाहिरात टाकणारा महागात चाचपडतो. 28 पर्यंत दोन फोटोंपैकी कुठला जास्त मेसेज आणतोय ते कळलेलं असतं. तोच ठेवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. भाग निवडताना नेरुळ, सीवूड्स, जुईनगर एवढाच घ्या. पनवेलची बाई दिवाळीच्या आठवड्यात कुर्तीसाठी तुमच्याकडे येत नाही.

राहिली बंद करण्याची गोष्ट, जिचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलाय. तुमच्या ट्रायल रूमकडे बघा. एकच असेल, आणि एका बाईला आत दहा मिनिटं लागतात असं धरू. तासाला सहा जणी. संध्याकाळी पाच ते दहा म्हणजे तीस. आमच्या गोखले रोडवर दिवाळीच्या आठवड्यात तीस जणी जाहिरात न करताच येतात, स्टेशनवरून चालत घरी जातानाच. एकतिसावीला तुम्ही पैसे देऊन बोलावता, ती दाराशी गर्दी बघते आणि परत जाते, किंवा तिला आत घेताना रोजची एखादी निघून जाते. त्या संध्याकाळी जाहिरातीचा रुपया तुम्हाला एकही जास्तीची कुर्ती विकून देत नाही. नौपाड्यासाठी मी 4 नोव्हेंबर म्हणालो ते एवढ्यावरून. तुमचं दुकान सोसायटीखालच्या गाळ्यात असेल आणि रस्त्यावरची गर्दी आपोआप आत येत नसेल, तर 6 तारखेपर्यंत, अगदी धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत खुशाल चालू ठेवा. रांग कुठल्या दिवशी लागते हे गेल्या दिवाळीच्या बिलबुकात दिसेल. बिलांवर वेळ छापलेली असेल तर आणखी सोपं.

तारखेच्या आधीच थांबायला लावणारी एक खूण आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: कट साइज. जाहिरातीतल्या डिझाइनचे एम, एल, एक्सएल यातले दोन संपले की ती जाहिरात त्याच दिवशी उतरवा, मग 31 ऑक्टोबर का असेना. नाहीतर गिऱ्हाईक फोटो दाखवत येतं, तुम्ही 'एस आणि डबल एक्सएलच उरलाय' म्हणता, आणि ती दुसरं काही न बघता बाहेर पडते. दुसरी खूण फोनची. मेसेजला उत्तर द्यायला दोन तास लागायला लागले म्हणजे काउंटरवरची माणसं भरली. पैसे देऊन मागवलेला मेसेज दोन तास पडून राहिला तर तोवर तिने दुसरीकडून घेतलेलं असतं.

बंद म्हणजे पैसे लावलेली जाहिरात बंद, दुकानाचं तोंड नाही. 'आज रात्री साडेदहापर्यंत उघडं आहे' हा स्टेटस लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीही टाका. गुगलवरच्या दुकानाच्या पानावर दिवाळीच्या वेळा बदला, कारण रविवारी दुपारी कोण उघडं आहे हे लोक तिथेच बघतात. मात्र दिवाळी पहाटेसाठी काही करू नका. राम मारुती रोड आणि तलावपाळीला त्या सकाळी तरुणांची तुफान गर्दी असते, पण ती नवे कपडे घालून आलेली असते, घ्यायला नाही.

यंदा एक जादा संधी आहे. 8 ला लक्ष्मीपूजन, 10 ला पाडवा, 11 ला भाऊबीज, म्हणजे 9 तारखेचा सोमवार भाकड. त्या दिवशी भावांना पाठवायचा एकच मेसेज तयार ठेवा: ओढणी किंवा स्टोल, पॅक करून, दोन किंवा तीन ठरलेल्या किमतीत. कुर्ती नको. बहिणीचा साइज भावाला माहीत नसतो आणि 12 तारखेला तुमचा सगळा दिवस बदलून देण्यात जाईल.

भाऊबीजेनंतर उरलेल्या कुर्त्यांवर लगेच सेल लावायचा मोह होतो. आठवडाभर तरी थांबा. 3 तारखेला पूर्ण किमतीला घेतलेली बाई 13 तारखेला तोच पीस कमी किमतीत स्टेटसवर बघते, आणि पुढच्या वर्षी भाऊबीज उलटेपर्यंत दुकानात येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराईच्या निमित्ताने तो माल काढता येतो, तोही नव्या मालात मिसळून.

टेलरच्या तारखा आणि गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीची संध्याकाळची बिलं किती होती, एवढं कळवलंत तर 4 तारीख की 6 हे तुमच्यापुरतं नक्की सांगता येईल.