‘नको’ सांगायचं तर पूर्णच सांगायचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की वस्तू घ्यायचीच नसेल तर अनोळखी सेल्सवाल्याला ‘बघू’ न म्हणता स्पष्ट ‘नको’ सांगावं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

“लेख वाचला पण पटला नाही. सेल्सवाला पण कुणाचं तरी पोरगं असतंय, उन्हातान्हात पोटासाठी फिरतंय. त्याला ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं तर आपलं काय बिघडतंय? एवढं तोडून बोलायची आपल्या कोल्हापूरची रीत न्हाई. आणि उद्या खरंच गरज लागली तर कुठल्या तोंडानं फोन करायचा?”

दादा, तुम्ही त्या पोराची बाजू घेतलीत हे मला आवडलं, आणि मी पण त्याच्याच बाजूनं उत्तर देणार आहे.

पहिला फोन किंवा मेसेज करणारा माणूस बऱ्याचदा माल विकतच नसतो, त्याचं काम फक्त मीटिंग ठरवून देणं, पुढं डेमो द्यायला सिनियर येतो. त्याचं महिन्याचं टार्गेट मीटिंगमध्ये मोजलं जातं. तुमचं नाव त्याच्या कंपनीच्या सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, नावापुढं एक स्टेटस आणि पुढच्या फॉलो-अपची तारीख. तुम्ही ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालात की तो तिथं तारीख टाकतो आणि त्या दिवशी सिस्टीम त्याला आठवण करते. मग तो फोन करतो तेव्हा आपण वैतागतो, पण तारीख तर आपणच दिलेली असते ना. महिन्याच्या शेवटी मॅनेजर विचारतो की या पार्टीचं काय झालं, तेव्हा त्याच्याकडं सांगायला काहीच नसतं. स्पष्ट नकार आला असता तर त्यानं नाव बंद करून तो वेळ ज्याला खरंच गरज आहे अशा दुसऱ्या कारखान्याला दिला असता. पोटासाठी फिरणाऱ्या माणसाचे चार फेरे फुकट घालवण्यात मला तरी माणुसकी दिसत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. मशीन शॉप आहे, फाउंड्रीतनं आलेल्या कास्टिंगचं जॉबवर्क करतात. हिशेब टॅलीत, चलनं एक्सेलमध्ये, आणि त्यांचं व भावाचं ठरलेलं आहे की यात बदल करायचा नाही. पुण्याच्या एका ईआरपीवाल्याचा, म्हणजे हिशेब, माल, ऑर्डरी सगळं एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा मेसेज आला, ‘सर, बुधवारी मी शिरोलीतच आहे, फक्त १५ मिनिटं द्या.’ (हे ‘तुमच्याच भागात आहे’ वाक्य बऱ्याच जणांना एकाच वेळी जातं, त्यामुळं तो खास आपल्यासाठी आलाय असं वाटून ओशाळायचं कारण नाही.) मित्रानं लिहिलं, ‘सध्या दिवाळीची गडबड आहे, बजेट पण नाही, माहिती पाठवून ठेवा, नंतर बघू.’

आता हे वाक्य त्या पोराच्या बाजूनं वाचा. गडबड दिवाळीपर्यंतच आहे, म्हणजे दिवाळीनंतर फोन करायचा. बजेट नाही म्हणजे वस्तू हवी आहे, फक्त पैशाचा प्रश्न आहे, त्यावर हप्त्याची स्कीम सांगता येते. माहिती मागितली म्हणजे इंटरेस्ट आहे. या तिन्ही गोष्टींवर काय बोलायचं हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. झालं पण तसंच, आधी पीडीएफ आली, मग ‘सर बघितलं का’, दिवाळीनंतर ‘सर तुम्ही म्हणाला होता’, मग हप्त्यांचं कोटेशन, आणि शेवटी एक दिवस गेटवर स्वतः हजर. मित्र त्याच्यावर ओरडला. मला वाईट त्या पोराचं वाटलं, कारण त्याला ‘नको’ असं एकदाही कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच मेसेजला हे उत्तर गेलं असतं तर विषय तिथंच मिटला असता:

‘नमस्कार. तुमचा मेसेज वाचला. आम्ही ईआरपी सॉफ्टवेअर घेणार नाही, त्यामुळे मीटिंग किंवा डेमो नको. माझं नाव आणि नंबर तुमच्या फॉलो-अपच्या यादीतून काढा. धन्यवाद.’

यात तोडून बोलल्यासारखं काय आहे सांगा. नमस्कार आहे, धन्यवाद आहे. ‘सध्या’ हा शब्द मात्र नाही, आणि कारणही दिलेलं नाही. ते मुद्दामच दिलं नाही, कारण ते दिलं की त्यावर उत्तर येतं: वेळ नाही म्हटलं तर ‘दहाच मिनिटं’, आधीचं सॉफ्टवेअर आहे म्हटलं तर ‘कुठलं आहे, तुलना करून दाखवतो’, भावाला विचारावं लागेल म्हटलं तर ‘त्यांचा नंबर द्या’. निर्णय सांगितला की वाद घालायला काही हाताला लागत नाही. नाव काढा हे वाक्य त्याच्याही सोयीचं आहे, तो तेवढंच मॅनेजरला दाखवून नाव बंद करू शकतो.

त्यावर तो एकदा तरी ‘सर, फ्री डेमो आहे, बघायला काय जातंय’ म्हणेलच, ते त्याचं काम आहे. तेव्हा नवीन वाक्य शोधत बसायचं नाही, ‘माझं उत्तर तेच आहे’ एवढंच लिहायचं आणि पुढच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही. तरी आलाच तर नंबर ब्लॉक. प्रचाराच्या फोनसाठी १९०९ वर `START 0` असा एसएमएस करून डीएनडी लावता येतो, पण ईमेल आणि लिंक्डइनला तो लागू होत नाही, तिथं स्वतःच लिहावं लागतं.

आता गरजेचं. उद्या खरंच ईआरपी लागलं तर तुम्ही फोन करा की, गिऱ्हाईक स्वतःहून आलं तर कुठली कंपनी परत पाठवते? फक्त ‘गरज लागली तर मीच कळवतो’ हे नकाराच्या मेसेजमध्ये लिहू नका, कारण त्या एका वाक्यानं पुन्हा फॉलो-अपची तारीख पडते. तो हक्क तुमच्याकडं न लिहिताही राहतोच. आणि एप्रिलमध्ये खरंच घ्यायचं असेल तर तो नकार नाहीच, सरळ ‘एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करा’ म्हणा, ते खरं असेल तर अजिबात हरकत नाही. पाव्हण्या-रावळ्यांच्या ओळखीतनं आलेल्या माणसाची गोष्ट पण वेगळी, त्याला मेसेजवर उडवू नये, फोन करून सांगावं. मी बोलतोय ते ओळख ना पाळख अशा मेसेजबद्दल.

आणि रीतीचं म्हणाल तर गेटवर आलेल्याला चहा जरूर द्या, मी पण देतो. फक्त क्रम सांभाळायचा, आधी उभ्या-उभ्याच ‘आम्ही घेणार नाही, डेमो नको’ हे सांगायचं आणि मग ‘उन्हातनं आलाय, चहा घेऊन जावा’. चहा आधी आला की तो खुर्चीत बसतो, लॅपटॉप उघडतो, आणि कपात चहा असताना माणसाला उठवणं आपल्याला जमत नाही, मग पुन्हा ‘बघू’ तोंडातनं निघतं.

एक गोष्ट मागच्या लेखात राहिली होती. ऑफिसात फोन उचलणाऱ्या माणसाला पण हेच वाक्य देऊन ठेवा. नाहीतर तुम्ही मेसेजवर नको म्हणता आणि तिकडं तो म्हणतो, ‘साहेब बाहेर गेल्यात, संध्याकाळी पाचनंतर करा’, की पाचला फोन वाजलाच.