राजीनामा एका ओळीचा, यादी एकशेऐंशी ओळींची

एजन्सी सोडून ब्रोकर फर्ममध्ये जाणाऱ्या विमा एजंटाचा राजीनामा मुळात एका ओळीचा. "मी ३० सप्टेंबरपासून एजन्सी सोडत आहे, कळावे." एवढं लिहायला कुणाला लागतं काय? पण आम्ही बेळगावचे. पहिला प्रश्न, ही ओळ लिहायची कुठल्या भाषेत? मनात मराठी, शाखेत कन्नड, मुख्य कार्यालयात इंग्रजी. त्यामुळे मी मसुदा मराठीत करतो, पत्र इंग्रजीत टाइप करून घेतो आणि शाखाधिकाऱ्यांना कन्नडमधून समजावतो. तिन्ही भाषांत एकच तारीख राहिली तर अर्धी लढाई जिंकली.

ब्रोकर फर्मकडे जाणं म्हणजे नुसती खुर्ची बदलणं नव्हे. कायद्याच्या दृष्टीनं एजंट हा कंपनीचा माणूस, तर ब्रोकर ग्राहकाचा. म्हणजे कालपर्यंत नवरदेवाकडून पंगतीत वाढणारा माणूस आज त्याच मांडवात, तीच पळी घेऊन, नवरीकडून वाढणार. जेवणारे तेच. त्यांना कळत नाही, हा आता कुणाचा पाहुणा? आणि दोन्हीकडून एकदम वाढता येत नाही, म्हणून आधी जुनी एजन्सी रीतसर संपवावी लागते.

पत्रात कारण लिहायचं तर सरळ लिहावं: ब्रोकर फर्ममध्ये रुजू होत आहे. "घरगुती अडचणीमुळे" असं लिहिणारे पुष्कळ. मग पंधरा दिवसांनी तीच घरगुती अडचण नव्या फर्मचा बोर्ड लावून खडेबाजारात बसलेली दिसते. कारणापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी तीन: एजन्सी कोड, शेवटची तारीख, आणि सोबत नेमणूकपत्र व ओळखपत्र परत करत असल्याची नोंद. शेवटी मागणी एकच, फॉर्म आय-सी, म्हणजे एजन्सी संपल्याचा दाखला. २०१६ च्या नियमांप्रमाणे राजीनामा दिल्यापासून १५ दिवसांत कंपनीनं तो द्यायचा असतो. शाखेत सगळे याला 'एनओसी' म्हणतात. त्यात गफलत अशी की, एनओसी म्हटलं की ती देणाऱ्याला आपण परवानगी देतोय असं वाटायला लागतं आणि दाखला त्याच्या ड्रॉवरमध्ये झोपतो. म्हणून पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या राजीनाम्यावर अंगठा वर केलेलं चित्र येतं. त्या अंगठ्यावरून १५ दिवस मोजता येत नाहीत.

आयुर्विम्याची, साधारण विम्याची आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीची, अशा तीन एजन्स्या एकाच नावावर असतील तर पत्रंही तीन लागतात आणि दाखलेही तीन. एक विसरला की ब्रोकरकडे पॅन क्रमांक टाकल्यावर तुमची जुनी एजन्सी तिथं जिवंत दिसते.

इथपर्यंत सोपं. खरी भानगड पत्राला जोडायच्या यादीत.

हिशेबासाठी साधारण विम्याचं एक पुस्तक, म्हणजे एका एजंटाच्या सगळ्या पॉलिसी, धरू. १८० पॉलिसी: ९६ दुचाकी, ३८ मोटारी आणि ट्रॅक्टर, ४१ आरोग्य विमा, ५ दुकानं. या सगळ्या पॉलिसी कंपनीच्या आणि ग्राहकांच्या. मधला मी फक्त कोड. ही यादी मी कंपनीच्या विक्री व्यवस्थापकाला देणार, ते ती दुसऱ्या एजंटाकडे देणार. हीच यादी नव्या फर्मच्या मेलवर "सहज माहितीसाठी" पाठवायची नाही. ग्राहकांचे फोन, जन्मतारखा, आजार हे सगळं मी कंपनीसाठी गोळा केलं होतं, माझ्या मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणांसाठी नव्हे.

यादी नावाच्या क्रमानं करणं ही पहिली चूक. येळ्ळूर, उचगाव, खानापूर आणि निपाणी मिळून पाटलांचीच पहिली दोन पानं जातात. यादी लावायची ती पॉलिसी संपण्याच्या तारखेप्रमाणे. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात संपणाऱ्या ४७ पॉलिसी सगळ्यात वर, कारण त्याच हातातून निसटतात. मोटारीच्या विम्याला सवलतीचे दिवस नसतात. मध्यरात्री संपला की संपला. मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण पुन्हा घ्यायचं तर गाडीची तपासणी, आणि ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं एकही दावा न करता ५० टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस, आणि तो जातो कशामुळे, तर जुना एजंट म्हणाला "नवा बघेल" आणि नवा म्हणाला "जुना बघेल".

रकाने फार नकोत. पॉलिसी क्रमांक, नाव, संपण्याची तारीख, अडकलेलं काम. त्यात मी एक रकाना सीमाभागासाठी वाढवतो: बोलण्याची भाषा. शाखा ही यादी धारवाडकडच्या एखाद्या एजंटाला देते. तो येळ्ळूरच्या आजींना फोन करून शुद्ध कन्नडमध्ये सांगतो की तुमचा हप्ता थकलाय. आजींना वाटतं बँकेकडून फसवणारा कुणीतरी बोलतोय, म्हणून त्या फोन ठेवतात. वर शेजारणीलाही सांगतात, "तो नंबर उचलू नको गं." पॉलिसी संपते. उलटही तेच. चिकोडीकडच्या कन्नड शेतकऱ्याला मराठीतून समजावताना 'मुदत' आणि 'मुद्दल' यांची जागा बदलते, आणि तो तीन वर्षांनी मुद्दल परत मागायला येतो.

आता माझ्या मते सगळ्यात अवघड रकाना, तो म्हणजे मोबाइल नंबर. प्रामाणिकपणे यादी काढली की दिसतं, १८० पैकी ६४ पॉलिसींवर ग्राहकाच्या जागी एजंटाचाच नंबर आहे. कारण सरळ आहे. ग्राहकाच्या फोनवर ओटीपी आला की तो शेतात असतो, फोन घरात असतो आणि चष्मा कपाटात. त्यात रेंज खानापूरच्या जंगलापलीकडे. म्हणून त्या वेळी आपला नंबर टाकला आणि काम उरकलं. त्याची फळं राजीनाम्याच्या दिवशी येतात. नूतनीकरणाची सूचना एजंटाला, कॅशलेस मंजुरीचा निरोप एजंटाला, आणि इस्पितळात पडलेल्या माणसाला काहीच नाही. एजन्सी संपली तरी हे निरोप थांबत नाहीत. माणूस ब्रोकरकडे जातो, आणि ६४ घरांची आजारपणं खिशात वाजत राहतात.

हा नंबर यादीत खोडून नवा लिहिला म्हणजे बदलत नाही. पॉलिसीवरची दुरुस्ती सहसा ग्राहकाच्या सहीच्या विनंतीवरच होते, आणि सोबत ओळखीचा पुरावा लागतो. पुराव्यावर 'बेळगावी', जुन्या पॉलिसीवर 'बेळगाव', इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदललं, पण कागदांना ते एकदम कळलं नाही. म्हणून संपर्क आणि पत्ता एकाच अर्जात दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे दुसरी फेरी वाचते. दिवसाला आठ घरं झाली तर ६४ घरांना आठ दिवस. चहा प्रत्येक घरात, म्हणजे आठ दिवसांत ६४ कप. त्यात शनिवारचा बाजार धरलेला नाही.

आणि रोख पैसे. "जाताना घेऊन जा की, परत कशाला येतोस?" असं म्हणून कुणी हप्ता हातात कोंबला असेल तर विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी आठवावं. एजंटानं घेतलेला हप्ता, आपलं कमिशन न कापता, २४ तासांत कंपनीकडे भरायचा असतो. बँकेची आणि टपालाची सुट्टी तेवढी सोडून. राजीनाम्यापूर्वी पावतीपुस्तक आणि वही जुळवून तो हिशेब यादीच्या शेवटी लिहावा, रक्कम शून्य असली तरी. मोकळी सोडलेली जागा शाखेतला कुणीतरी नंतर भरतोच.

ग्राहक नव्या फर्मकडे येऊ शकतात का? येऊ शकतात, पण आपल्या पायांनी. चालू पॉलिसी मधेच मोडायची नाही. ती जुन्या कोडवर मुदतीपर्यंत चालू द्यायची. नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकानं सही करून पत्र द्यायचं की यापुढे अमुक ब्रोकर माझं काम पाहील. कंपनी तीच ठेवायची असेल आणि ब्रोकरचा तिच्याशी करार असेल, तर फक्त मध्यस्थ बदलतो. गोंधळ होतो तो आरोग्य विम्यात. समजा, वडगावच्या काकांची पॉलिसी २० नोव्हेंबरला संपते आणि त्यांना मधुमेह आहे. आधीच्या आजारांसाठीच्या ३६ महिन्यांच्या प्रतीक्षेपैकी २४ महिने झालेत. दुसऱ्या कंपनीत जायचंच असेल तर पोर्टेबिलिटी, म्हणजे झालेली प्रतीक्षा सोबत घेऊन कंपनी बदलणं, आणि त्यासाठी पॉलिसींच्या अटींत सहसा संपण्याआधी ४५ दिवसांची मुदत असते. म्हणजे ६ ऑक्टोबरच्या आत अर्ज. नवीन कमिशनच्या घाईत पोर्ट न करता कोरी पॉलिसी काढली की काकांचे ते २४ महिने पाण्यात, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. हे काकांना कळतं ते दावा नाकारल्यावर, आणि मग सगळ्या वडगावला कळतं.

"माझ्याकडं आलात तर हप्त्यात थोडं सोडतो" हे वाक्य तर तोंडातही आणू नये. कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं गुन्हा आहे, आणि दंड १० लाखांपर्यंत. सूट द्यायची पाचशेची, दंड भरायचा लाखांत.

इतकं करून ग्राहकांना निरोपाचं पत्र पाठवावं: एजन्सी सोडली, पॉलिसी सुरक्षित आहे, दाव्यासाठी कंपनीचा हा नंबर, नव्या एजंटाचं नाव हे. चार ओळी मराठीत, चार कन्नडमध्ये. मग फोन सुरू होतात. कुणी कोड विचारत नाही, कुणी बोनस विचारत नाही, प्रतीक्षेचे महिने तर कुणाला आठवतही नाहीत.

"ते सगळं राहू दे की वो," तिकडून आवाज येतो. "पुढच्या वर्षीचं कॅलेंडर कोण देणार? जुनी कंपनी की नवी?"

यादीत तोही एक रकाना हवा होता.