मालवणी गाळी, पहिली सात सेकंदं आणि पिवळा डॉलर

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या यूट्यूबवाल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. जरा लांबलं आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

हल्ली आपल्याकडचे व्हिडिओ बघताना जीव कळवळतो. रापणीचा व्हिडिओ असो, भातलावणीचा असो, नाहीतर खळ्यात बसून रंगलेल्या गजालींचा. दर दोन वाक्यांना 'टूंऽऽ' वाजतं. म्हातारा माणूस तोंड भरून बोलतोय आणि त्याचं अर्धं बोलणं आपल्याला ऐकूच येत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ताई, गाळ ठेवली तर पैसे बंद होतात." आणि त्याच व्हिडिओचं शीर्षक बघावं, तर तिथे लाल अक्षरांत शिवी! माझं म्हणणं एवढंच आहे की आपण कात्री चुकीच्या जागी चालवतोय.

आधी नियम नेमका काय आहे ते सांगते. जाहिरातदारांना चालेल अशी भाषा कोणती, याची यूट्यूबची एक नियमावली आहे. ती तुमचा व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हे ठरवत नाही. त्यावर जाहिराती लागायच्या की नाही, एवढंच ठरवते. डॉलरचं चिन्ह हिरवं असलं तर सगळ्या जाहिराती, पिवळं झालं तर मोजक्या किंवा अजिबात नाहीत. पिवळं झालं तरी व्हिडिओ लोकांना दिसतोच, व्ह्यूज येतच राहतात. म्हणून पुष्कळांना महिन्याचा आकडा बघेपर्यंत कळतच नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये हा नियम फार कडक झाला होता. पहिल्या 7 सेकंदांत शिवी आली की जाहिराती बंद होण्याची शक्यता, आणि 15 सेकंदांपर्यंत आली तरी कमाईला फटका. जगभर आरडाओरडा झाला आणि मार्च 2023 मध्ये तो सैल केला. मधल्या दर्जाच्या शिव्या सुरुवातीलाही चालतील, सगळ्यात जहाल शिवी मात्र पहिल्या 7 सेकंदांत आली तर डॉलर पिवळा, असं ठरलं. मग जुलै 2025 मध्ये तीही अट काढली. म्हणजे आज जहाल शिवी पहिल्या सात सेकंदांत आली तरी तेवढ्यावरून पैसे कापत नाहीत. आपल्याकडे मात्र अजून 2022 चाच नियम डोक्यात धरून लोक एडिटिंगला बसतात.

सात सेकंदंच का, यामागचं कारण कळलं की बाकीचं आपोआप कळतं. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी जाहिरात लागते. साबणाची जाहिरात संपते न संपते तोच पुढच्या क्षणी कचकचीत शिवी, हे कंपन्यांना नको होतं. टीव्हीवाल्यांची सवय तशीच: जाहिरात आणि शिवी यांच्यात अंतर हवं. आता कंपन्यांना कुठल्या प्रकारच्या व्हिडिओंवर आपली जाहिरात लावायची हे निवडता येतं, त्यामुळे अंतराची गरज उरली नाही. पण शीर्षक आणि थंबनेल यांचं तसं नाही. ती दोन्ही व्हिडिओ उघडायच्या आधीच, पहिल्या पानावर, सगळ्यांच्या समोर असतात. म्हणून तिथली शिवी आजही पैसे कापते, आणि जहाल असली तर सगळेच. सूट मिळाली ती बोलण्याला, पाटीला नाही.

आता एक उदाहरण. आमच्या नात्यातला एक मुलगा चॅनेल चालवतो. मालवणजवळच्या किनाऱ्यावर त्याने रापणीचा व्हिडिओ केला. रापण ज्यांनी ओढलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडची माणसं ते बरोबरीने ओढतात. जाळ्याची खालची कड तळाला घासत आली पाहिजे. एका बाजूने दोर सैल पडला किंवा वेडावाकडा ओढला गेला की ती कड उचलली जाते आणि खालून बांगडे निघून जातात. त्या क्षणी रापणीवरच्या जाणत्या माणसाच्या तोंडून जे येतं, ते आशीर्वाद नसतात. या व्हिडिओत तात्यांच्या तोंडून तेच आलं. ती गाळ हा त्या कामाचा भाग आहे. कुठे चुकतंय, कोणी आवरायचं, सगळं त्या एका शब्दात पलीकडच्या माणसाला पोचतं.

मुलाने काय केलं? तात्यांच्या सगळ्या गाळींवर बीप टाकले. तात्यांना दाखवल्यावर ते म्हणाले, "अरे, रापण काय देवळात ओढतत?" पण त्याने ऐकलं नाही. आणि लोकांनी क्लिक करावं म्हणून त्यातलीच सगळ्यात मोठी गाळ शीर्षकात जशीच्या तशी घातली, थंबनेलवरही मोठ्या अक्षरांत लिहिली. डॉलर पिवळा झाला. तो मला म्हणाला, "मावशी, एवढे बीप टाकून पण पिवळो!"

पिवळा होणारच होता. त्याने शीर्षक बदलून 'रापणीक बांगडो लागलो' असं केलं, थंबनेलवरची अक्षरं काढली आणि मग माणसाकडून तपासणीची मागणी टाकली. काही दिवसांत हिरवा झाला. इथपर्यंत ठीक. पण बीप तसेच राहिले. यूट्यूबवर शीर्षक आणि थंबनेल कधीही बदलता येतं, मात्र एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल ठेवता येत नाही. व्ह्यूज, कमेंट सगळं त्या जुन्या लिंकला चिकटलेलं. म्हणजे जे सहज सुधारता येतं तिथे त्याने बेफिकिरी केली, आणि जे परत आणता येत नाही ते तात्यांचं बोलणं कापलं. याचंच मला वाईट वाटतं. असं रापणीवरचं बोलणं रेकॉर्ड झालेलं किती आहे आपल्याकडे?

पैशाचा हिशोबही समजून घ्या. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला मिळतो. समजा हिरव्या डॉलरवर एखाद्या व्हिडिओवर पहिल्या आठवड्यात 2000 रुपयांच्या जाहिराती लागल्या असत्या, तर तुमचे 1100. तोच आठवडा पिवळ्यात गेला तर हातात येणार ते संवेदनशील व्हिडिओही चालवून घेणाऱ्या थोड्या जाहिरातदारांचे, आणि प्रीमियमचे पैसे भरून बघणाऱ्यांचा वाटा. प्रीमियमचं उत्पन्न पिवळ्यातही चालू राहतं, पण आपल्या गावाकडच्या प्रेक्षकांत प्रीमियमवाले असे किती असणार? आणि रापणीच्या व्हिडिओला मोठी गर्दी असते ती पहिल्या काही दिवसांतच. नंतर हिरवा झाला तरी गेलेल्या दिवसांच्या जाहिराती मागाहून लागत नाहीत.

म्हणून व्हिडिओ आधी खाजगी ठेवून चढवा. चढवतानाच प्रश्नावली येते: भाषा कशी आहे, हिंसा आहे का, संवेदनशील विषय आहे का. ती खरी भरा. शीर्षक आणि थंबनेल धरून भरा, नुसता व्हिडिओ आठवून नको. तुमची उत्तरं सातत्याने बरोबर निघाली की पुढे त्यांच्यावर भरवसा ठेवला जातो. दडवत राहिलात तर उलटं होतं. तपासणी होऊन डॉलर हिरवा दिसला की मगच सगळ्यांसाठी खुला करा. आणि माणसाकडून तपासणी मागायची तर आधी शीर्षक-थंबनेल नीट करूनच मागा, कारण एका व्हिडिओला ती एकदाच मिळते आणि तो निर्णय शेवटचा असतो.

सूट मिळाली म्हणजे रान मोकळं झालं असं समजू नका. जवळजवळ प्रत्येक वाक्यात जहाल शिवी असेल, किंवा शिव्याच एकामागून एक जोडून व्हिडिओ केला असेल, तर तो आजही अडकतो. 'मालवणी गाळींचा धमाका' छापाचे व्हिडिओ त्यातच जातात आणि खरं सांगते, मला त्यांचं दुःख नाही. आणि एखाद्याच्या जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून हिणवणारा शब्द ही साधी शिवी धरली जात नाही. त्याला द्वेषाचा वेगळा नियम आहे, आणि शिव्यांना दिलेली ही सूट तिथे लागू नाही. आपल्या बोलीत असेही शब्द आहेत, हे मान्य करायला हवं. 'आमच्याकडे असंच बोलतात' हे रापणीवरच्या गाळीबद्दल मी कुणालाही ठणकावून सांगेन. जातीच्या शब्दाबद्दल नाही सांगणार, आणि तिथे पैसे कापले गेले तर ते योग्यच आहे असं माझं मत आहे.

संवेदनशील विषयांचंही असंच झालं आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा सगळ्यात जवळचा विषय म्हणजे बुडण्याचे अपघात. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगडमधल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी गेले. त्यावर आजही व्हिडिओ होतात, व्हायलाच हवेत. पण एक जण थंबनेलवर मृतदेहाचा फोटो आणि 'समुद्राने गिळले' असं लिहितो. दुसरा एखाद्या जुन्या मच्छीमाराला किनाऱ्यावर उभं करतो. तो हाताने दाखवतो, की दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, पर्यटक नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नाही. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जातं ते त्याच पट्ट्यातून, आणि माणसाला घेऊन जातं. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर या. विषय एकच आहे. पहिला दुर्घटनेवर पैसे कमावणारा ठरतो, दुसऱ्याला अडवायला नियमात काही नाही, शीर्षकात 'बुडणे' हा शब्द असला तरी.

जानेवारी 2026 पासून तर आत्महत्या, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, गर्भपात यांवर बोललेलं, भडक दृश्यं नसतील तर, पूर्ण जाहिरातींना पात्र धरलं जातं. लहान मुलांवरचे अत्याचार आणि खाण्यापिण्याचे मानसिक आजार एवढे अजून बाहेर आहेत. म्हणून बचत गटातली एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाली, तर तिच्या तोंडचा 'मारलं' हा शब्द पुसू नका. तिथे बीप टाकला की तिने धीर करून सांगितलेलंच आपण मिटवतो. तिचा चेहरा दाखवायचा की नाही, हे मात्र तिलाच विचारा, आणि थंबनेलवर तिचे वळ छापू नका.

आमचा तो मुलगा आता रापणीचा दुसरा व्हिडिओ करतोय. तात्यांचं बोलणं पूर्ण ठेवलंय. शीर्षक अजून ठरत नाहीये, कुणाला चांगलं मालवणी शीर्षक सुचलं तर खाली लिहा. गाळ सोडून.