सोबतच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे

“सोबतच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे क्ष ची किंमत काढा. मला १४ येतेय, पुस्तकात ४ आहे. पुस्तक चुकलंय का? अर्जंट.”

प्रश्न एवढाच. सोबत आकृती नाही. तिच्या जागी एक करडा चौकोन, त्यात फाटक्या कागदाचं चिन्ह आणि खाली `IMG_0042.jpg`. मी त्या करड्या चौकोनाकडेच भूमितीच्या नजरेनं बघत बसतो. चार बाजू आहेत, चार काटकोन आहेत, क्ष मात्र कुठेच नाही. सगळ्या मजकुरातून शाबूत उरलंय ते फक्त ‘अर्जंट’.

चित्रं हरवतात यात नवल काही नाही. मजकूर आणि चित्र एकत्र दिसले तरी बहुतेक वेळा एकत्र राहत नाहीत. मजकूर निरोपात असतो. चित्र दुसरीकडे कुठेतरी ठेवलेलं असतं आणि निरोपात त्याचा नुसता पत्ता असतो. पत्ता बदलला, मुदत संपली, कुणी जागा रिकामी करायला घेतली, की चित्र गेलं. त्यात जागा रिकामी करणारा माणूस नेहमी जडातलं जड आधी उचलतो. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला साधारणपणे तीन बाइट लागतात, म्हणजे चारशे चिन्हांचा प्रश्न साधारण बाराशे बाइटांत मावतो. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो सहज तीस लाख बाइटांचा असतो. आधी कुणाचा बळी जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तर आता हा प्रश्न चित्र नसतानाही उभा राहील असा लिहून बघू. समजा, पुस्तकातलं गणित असं होतं: एक त्रिकोण, शिरोबिंदू अ, ब, क. बाजू अब १५ सेंटिमीटर, बाजू अक १३ सेंटिमीटर. अ पासून बक या रेषेवर टाकलेला लंब १२ सेंटिमीटर, आणि त्याचा पाया ड. बक ची लांबी म्हणजे क्ष.

विचारणाऱ्याला चित्र हरवण्याची पूर्वसूचना मिळाली असती तर त्यानं बहुधा एवढंच लिहिलं असतं आणि काम झालं म्हणून हात झटकले असते. सगळे आकडे आले, सगळी अक्षरं आली. आता राहिलं काय?

सोडवून बघा. अडब हा काटकोन त्रिकोण, त्यामुळे बड चा वर्ग २२५ वजा १४४, म्हणजे ८१, आणि बड झाली ९. तसंच डक चा वर्ग १६९ वजा १४४, म्हणजे २५, आणि डक झाली ५. इथवर कुणाचंच भांडण नाही. आता ९ आणि ५ ची बेरीज करायची की वजाबाकी? ड हा ब आणि क यांच्या मध्ये असेल तर बक १४. ड हा क च्या पलीकडे, वाढवलेल्या रेषेवर असेल तर बक ४. दोन्ही त्रिकोण अस्सल आहेत, दोन्हींत अब १५, अक १३ आणि लंब १२ आहे. फरक एवढाच, की दुसऱ्यात क पाशी विशालकोन आहे आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर पडलाय.

म्हणजे विचारणाऱ्याचं १४ आणि पुस्तकाचं ४ यांच्यातलं सगळं भांडण ‘ड कुठे आहे’ या एका गोष्टीवर अडलंय. आणि ती गोष्ट आकृतीनं न बोलता सांगितली होती. आकृतीत तसं लिहिलेलं नसतं, नुसतं दिसतं. म्हणून लिहिताना नेमकं तेच सुटतं. आकडे उतरवायला कुणी विसरत नाही, कारण ते आकृतीतही लिहिलेलेच असतात. विसरतो तो कोण कुणाच्या मध्ये, कोण कुणाच्या बाहेर, कोण कुणाला छेदतो हे लिहायला. माझं मत विचाराल तर आकृतीवरून प्रश्न लिहिताना आकडे सर्वांत शेवटी लिहावेत. ते पळून जात नाहीत.

मग नीट लिहिलेला प्रश्न असा होतो:

“त्रिकोण अबक मध्ये अब = १५ सेंमी, अक = १३ सेंमी. रेख बक ही क च्या बाजूनं पुढे वाढवली आहे. अ पासून त्या वाढवलेल्या भागावर लंब टाकला असून त्याचा पाया ड आहे, म्हणजे रेषेवरचा क्रम ब, क, ड असा आहे. अड = १२ सेंमी. बक ची लांबी काढायची आहे. मी पायथागोरसच्या प्रमेयानं बड = ९ आणि कड = ५ काढलं, त्यांची बेरीज करून १४ आलं. पुस्तकात उत्तर ४ आहे. माझं कुठे चुकलं?”

हे वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि कुणीही कागदावर आकृती काढू शकतो. उत्तर द्यायलाही एक वाक्य पुरतं: क हा ब आणि ड यांच्या मध्ये आहे, म्हणून बेरीज नाही, वजाबाकी. गंमत अशी, की ‘क्रम ब, क, ड’ हे स्वतःच्या हातानं लिहिताना विचारणाऱ्याचा हात बहुतेक तिथेच थांबतो. मग प्रश्न पाठवलाच जात नाही, आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांची करमणूक बुडते.

नीट लिहिलेल्या प्रश्नातल्या शेवटच्या तीन वाक्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण चित्रच काय, अर्धा मजकूर गेला तरी तीच वाक्यं प्रश्न वाचवतात. समजा ड चं स्थान लिहायचं राहिलं. ‘९ आणि ५ काढलं, बेरीज केली, पुस्तकात ४ आहे’ एवढ्यावरूनही जाणकार माणूस आकृती उलटी बांधू शकतो. मूळ प्रश्नात १४ आणि ४ होते, पण ते कशातून आले ते नव्हतं. नुसती दोन उत्तरं म्हणजे दार नसलेल्या चौकटीला लावलेलं कुलूप.

अक्षरांच्या क्रमातही असाच खड्डा आहे. ‘चौकोन अबकड’ म्हटलं की शिरोबिंदू कडेकडेनं त्याच क्रमानं येतात असं धरतात. अब बाजू आणि अक कर्ण. कुणी आकृतीतली अक्षरं दिसतील तशी डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचून ‘चौकोन अबडक’ लिहिलं की अड कर्ण होतो आणि बड बाजू. मग समोरचा अत्यंत प्रामाणिकपणे भलताच चौकोन सोडवून देतो. म्हणून अक्षरं एका शिरोबिंदूपासून कडेनं फिरत लिहावीत आणि फिरताना मध्येच पलीकडे उडी मारू नये.

दिलेलं आणि दिसणारं यांतला फरकही चित्राबरोबर जातो. कोनात छोटा चौकोन काढून काटकोन दाखवलेला असेल तर ‘काटकोन दिलाय’ असं लिहा. तसा चौकोन नसेल आणि कोन नुसता नव्वद अंशांचा भासत असेल तर ‘दिसायला काटकोन वाटतो, दिलेला नाही’ असं लिहा. पुस्तकातल्या आकृत्या नेहमी प्रमाणात काढलेल्या नसतात. डोळ्यांना समान दिसणाऱ्या दोन बाजू समान धरून लोकांनी काय काय सिद्ध केलंय, ते सांगत नाही. सिद्धता सुंदर होत्या.

‘हे’, ‘इथे’, ‘तो वरचा’ आणि ‘लाल गोल केलेलं’ हे शब्द म्हणजे चित्राकडे दाखवलेली बोटं. चित्र गेलं की बोटं हवेत राहतात. “लाल गोल केलेलं बटण दाबलं की असं येतं, काय करू?” यात बटण कोणतं आणि ‘असं’ म्हणजे कसं? पडद्यावर चूक दाखवणारा संदेश आला असेल तर त्याचा फोटो पाठवाच, पण संदेशातले शब्द जसेच्या तसे टाइपही करा, क्रमांकासकट. ‘काहीतरी परवानगीचं म्हणतंय’ असा भावानुवाद नको. टाइप केलेला संदेश शोधता येतो, कॉपी करता येतो आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाचा फोन तो वाचूनही दाखवतो. फोटोवर यातलं काही भरवशानं होत नाही, त्यातून फोटो आडवा, हललेला आणि पडद्यात काढणाऱ्याचंच प्रतिबिंब असलेला असेल तर विचारूच नका.

प्रश्न पुरेसा झाला की नाही हे तपासायला फोन पुरतो. गणिताशी ज्याला देणंघेणं नाही अशा कुणालाही प्रश्न फोनवर वाचून दाखवा आणि आकृती काढायला सांगा. तो ‘मग ड कुठे घेऊ?’ असं विचारेल तिथे एक वाक्य कमी आहे. न विचारता काढेल, पण तुमच्यापेक्षा वेगळी, तर तिथे एक वाक्य संदिग्ध आहे. आणि हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो पकडला जात नाही. फोनवर कुणी सापडत नसेल तर पुस्तक मिटून स्वतःच्याच मजकुरावरून आकृती काढावी. फक्त त्या वेळी आठवणीतून काढायची नाही, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. ते पानाचा रंग, आकृतीच्या रेघेची जाडी आणि शेजारच्या गणिताचा क्रमांकही लिहितात. कसोटी साधी आहे: जी गोष्ट बदलली तर उत्तर बदलेल ती लिहायची. आपल्या गणितात ब डावीकडे आहे की उजवीकडे यानं काही बदलत नाही. ड आत की बाहेर यानं १४ चं ४ होतं.

सगळंच शब्दांत मावतं असंही नाही. पानावरचा डाग, कातडीवरचा चट्टा, कुणाचं तरी अगम्य हस्ताक्षर, यांना चित्रच लागतं. तरीही चित्रात काय बघायचंय ते लिहिता येतं: डाग केवढा, कडा कशी, कधीपासून, वाढतोय का. आलेख असेल तर दोन्ही अक्षांची नावं, एककं आणि वक्र जिथे वळतो तिथला आकडा. चित्र हरवलं तर निदान कोणतं चित्र परत मागायचं ते तरी कळतं.

आणि हा खुलासा मजकुरातच लिहायचा. हे सांगावं लागतं, कारण काही मंडळी तो फोटोवरच लाल शाईनं लिहितात, बाणांसकट, सुवाच्य अक्षरात. ‘चित्र दिसत नाही, शब्दांत लिहा’ असं कळवलं की त्यांचं उत्तर लगेच येतं: “लिहिलंय की, फोटोत बघा.”